निकाल देण्याची घाई

उंची कमी असलेल्या मुलाला घेऊन आई-वडील दवाखान्यात आले, की मी आधी मुलाकडे नाही, त्यांच्याकडे बघायचो. दोघं दारातून आत येईपर्यंत माझं अर्धं निदान झालेलं असायचं. मग मुलाची उंची मोजायची, तक्त्यावर एक ठिपका मांडायचा आणि सांगायचं, "तुम्ही दोघं स्वतःकडे बघा ना. हा उंच कुठून होणार?" हे मी मुलासमोर बोलायचो आणि त्याला स्पष्टवक्तेपणा म्हणायचो.

बालरोगतज्ज्ञ म्हणून तालुक्याच्या गावात काम करताना एक वाक्य मी सतत ऐकलंय: "आमच्याकडे पोरं उशिरा वाढतात, डॉक्टर." ते ऐकलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. मला ती आई-बापांनी स्वतःची काढलेली समजूत वाटायची. कुणाच्या तरी काकाची, कुणाच्या मामाची गोष्ट सांगायची आणि पोराला आणखी चार वर्षं आशेवर ठेवायचं. ही आशा मोडणं हे मी माझं काम समजत होतो.

याचं कारण पुस्तकात नव्हतं, माझ्या अंगात होतं. माझी उंची 160 सेंटिमीटर. वडील 158, आई 147. शाळेत मी कायम पहिल्या रांगेत. दहावीत सगळे म्हणाले, बारावीत वाढशील. बारावीत म्हणाले, कॉलेजात गेल्यावर वाढशील. मी तालमीत जाऊन सिंगलबारला लोंबकळलो, पहाटे उठून दोरीवरच्या उड्या मारल्या. दहावीनंतर माझी पँट एकदाही आखूड झाली नाही. पुढे वैद्यकीय शिक्षण घेताना आई-वडिलांच्या उंचीवरून मुलाच्या उंचीचा अंदाज काढायचं सूत्र समोर आलं. मुलगा असेल तर दोघांच्या उंचीची बेरीज करायची, त्यात 13 मिळवायचे आणि दोनाने भागायचं. मुलगी असेल तर 13 वजा करून भागायचं. मी माझेच आकडे घातले. उत्तर आलं 159. म्हणजे मला मिळायचं ते सगळं मिळून चुकलं होतं, आणि तरी माझी माणसं मला वर्षानुवर्षं थापा मारत होती. त्या दिवशी मी ठरवलं, की आपण कुणाला खोटी आशा दाखवायची नाही. हा निश्चय मला फार थोर वाटला होता. आज बघतो तर त्यात रागच जास्त होता.

वारशाने बुटकं असणं आणि उशिरा वाढणं यांतला फरक मला माहीत नव्हता असं नाही. निरोगी मुलं बुटकी दिसण्यामागे दोन कारणं सर्वांत जास्त आढळतात. पहिलं आनुवंशिक. अशी मुलं पहिल्या दोन-तीन वर्षांत घराण्याच्या उंचीला साजेशा खालच्या रेषेवर येतात आणि ती रेष धरून वर्षाला चार-पाच, कधी सहा सेंटिमीटर नियमित वाढत राहतात. त्यांच्या हाडांचं वय जन्मतारखेच्या वयाइतकंच असतं, ती वेळेवर वयात येतात, वेळेवर वाढ थांबते आणि उंची आई-वडिलांच्या आसपास राहते. दुसरं कारण उशिरा होणाऱ्या वाढीचं. अशी मुलंही सुरुवातीला खालच्या रेषेवर घसरतात आणि पुढे तशीच नियमित वाढतात. पण त्यांची हाडं वयाच्या मानाने दोन-अडीच वर्षं मागे असतात, वयात यायला उशीर होतो, आणि बाकीच्यांची वाढ थांबल्यावरही यांची चालूच राहते. शेवटी ती घराण्याच्या उंचीला पोचतात. घरात बहुधा आणखी कुणीतरी असंच उशिरा वाढलेलं सापडतं.

पाच-सहा वर्षांचं मूल समोर असेल, तर नुसत्या आलेखावरून ही दोन्ही मुलं सारखीच दिसतात. दोघांची रेष खाली आणि समांतर. फरक उघड होतो तो वर्गातली मुलं वयात येऊ लागतात तेव्हा. म्हणून हाडांचं वय आणि आई-वडील कधी वयात आले होते याची माहिती, या दोन्ही गोष्टी लागतातच. हे सगळं मी इंटर्न मुलांना शिकवत होतो. स्वतः मात्र आई-वडिलांची आजची उंची तेवढी बघत होतो, कारण ती समोरच्या खुर्चीत बसलेली असते आणि तिला वेळ लागत नाही.

आणि मग एक हवालदार आपल्या मुलाला घेऊन आले. मुलाला चौदा वर्षं आणि दोन महिने झाले होते. उंची 140 सेंटिमीटर, म्हणजे इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या 2015 च्या तक्त्यावर सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली. आई सोबत होती, तिची उंची 150. वडील मध्यम अंगाचे. वर्गातली पोरं त्याला "पाचवीतला" म्हणून चिडवतात असं आईनं सांगितलं. मुलगा खाली मान घालून बसला होता. मी माझं ठरलेलं बोललो. आईकडे हात केला आणि म्हणालो, "उंची आईवर गेली आहे. हा फार वाढेल असं धरून चालू नका. अभ्यासात लक्ष घालू दे."

आई काही बोलली नाही. मुलाने तिच्याकडे एकदा बघितलं. ती नजर मला तेव्हा दिसली आणि तिचा अर्थही कळला: हे तुझ्यामुळे. मी लहान असताना माझ्या आईकडे तसाच बघायचो. तरीही मी फाईल मिटली.

तेव्हा हवालदार खुर्चीतून न उठता म्हणाले, "साहेब, एक विचारू का? मी पहिल्या भरतीला उंचीत बाद झालो होतो."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"पोलीस भरतीला पुरुषाला 165 लागतात. मी बारावी होऊन मैदानात उभा राहिलो, तर 162 भरलो. तिथल्या तिथे बाहेर काढलं. दोन वर्षांनी परत उभा राहिलो, तेव्हा 166 भरलो. आई म्हणायची, तुझ्या बापालाही मिशी उशिराच फुटली."

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मला दुरुस्त करायचा आविर्भावही नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं, की याचा काही संबंध आहे का.

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. "आमच्याकडे उशिरा वाढतात" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकून सोडून दिलं होतं, पण ते असं मापासकट कधी माझ्यासमोर आलं नव्हतं. भरतीच्या मैदानावर उंची कुणी अंदाजाने लिहीत नाही. तिथे एका सेंटिमीटरवर नोकरी जाते. अठरा ते वीस या दोन वर्षांत हा माणूस चार सेंटिमीटर वाढला होता. वेळेवर वयात आलेला मुलगा अठरानंतर इतका वाढत नाही. माझी स्वतःची वाढ तर सोळाव्या वर्षीच संपली होती. म्हणजे ज्या आठवणीला मी समजूत म्हणत होतो, ती वैद्यकीय माहिती होती. मी ती कधी मागितलीच नव्हती. उलट कुणी आपणहून दिली तर कपाळाला आठी घालत होतो.

मी फाईल पुन्हा उघडली आणि जे आधी करायला हवं होतं ते करायला घेतलं.

पहिलं, वडिलांची उंची भिंतीवरच्या स्टेडिओमीटरवर मोजली. 167 भरली. पुरुष स्वतःची उंची बहुतेकदा वाढवूनच सांगतात, म्हणून सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नये. आता सूत्र: 167 आणि 150 आणि 13, एकूण 330, त्याचे निम्मे 165. दोन्ही बाजूंना साधारण आठ सेंटिमीटर सोडायचे. म्हणजे या मुलाची अपेक्षित उंची 157 ते 173 मध्ये कुठेतरी. आईकडे बोट दाखवून मी "फार वाढणार नाही" म्हणालो होतो, तेव्हा वडिलांचा आकडा मी हिशेबातच घेतला नव्हता.

दुसरं, मागची मापं. आईला म्हटलं, लसीकरणाची फाईल आणि शाळेची सगळी प्रगतिपुस्तकं घेऊन या. प्रगतिपुस्तकात उंची-वजनाचा रकाना असतो. त्यातले काही आकडे बूट घालून घेतलेले असतात, काही गेल्या वर्षीचेच उतरवलेले असतात. म्हणून एखाद्या आकड्यावर भिस्त ठेवायची नाही, ओळ बघायची. पहिल्या वाढदिवसाला 75 सेंटिमीटर, अगदी सरासरीजवळ. तिसऱ्या वर्षी 88, म्हणजे खालच्या टोकाला. सहाव्या वर्षी 106. दहाव्या वर्षी 124, तेराव्या वर्षी 136, आता 140. तिसऱ्या वर्षापर्यंत घसरण, त्यानंतर दहा वर्षं वर्षाला चार ते सहा सेंटिमीटर. गेल्या वर्षभरात मात्र आलेखात तो आणखी खाली गेल्यासारखा दिसत होता. त्याच्या वाढीचा वेग चारच्या थोडा खाली आला होता हे खरं, वयात येण्याच्या आधी तो थोडा मंदावतोच. पण रेषेपासूनचं अंतर वाढण्याचं मोठं कारण वेगळं होतं: तक्त्यावरची सरासरी मुलं तोवर वयात येऊन झपाट्यानं वर निघून गेलेली असतात.

तिसरं, तपासणी. मुलगा वयात येऊ लागल्याची पहिली खूण मिशी नव्हे, आवाज फुटणं नव्हे. वृषणांचा आकार वाढणं ही ती खूण. तो मोजायला वेगवेगळ्या आकारांच्या मण्यांची एक माळ असते, स्वित्झर्लंडच्या आंद्रेआ प्रेडर यांच्या नावाने ती ओळखली जाते. चार मिलिलिटरचा मणी जुळला की सुरुवात झाली. चौदा पूर्ण होऊनही सुरुवात नसेल तर तो उशीर. या मुलाला तीनचा मणी जुळला. म्हणजे उशीर होता, पण उंबरठा जवळ होता. ही तपासणी मी तोवर बहुतेक मुलांत टाळायचो. मुलं लाजतात हे कारण सांगायचो, खरं तर मीच लाजत होतो. आता आई-वडिलांना सांगून, मुलाची परवानगी घेऊन, दोन वाक्यांत कारण समजावून मी ती करतो. ज्या माहितीवाचून निदान होतच नाही, ती संकोचापायी सोडण्याचा मला अधिकार नव्हता.

चौथं, डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे. त्यातल्या हाडांची टोकं ग्रॉयलिश आणि पाइल यांच्या पुस्तकातल्या चित्रांशी ताडून हाडांचं वय ठरवतात. ते आलं साडेअकरा. जन्मतारखेनं चौदा, हाडांनी साडेअकरा. साडेअकराच्या मुलाला 140 सेंटिमीटर उंची सरासरीपेक्षा थोडी कमी, पण ठीक. आणि 165 ही पुरुषाची उंचीसुद्धा सरासरीपेक्षा थोडी कमी, पण ठीक. दोन्ही आकडे एकमेकांशी जुळत होते. मला जो मुलगा फार बुटका वाटत होता, तो त्याच्या घराण्याच्या मापात अगदी बरोबर होता. फक्त त्याचं घड्याळ अडीच वर्षं मागे होतं.

आईला तिच्या पाळीबद्दल विचारलं. तेराव्या वर्षी आली होती, वेळेवर. तेव्हा चित्र पूर्ण झालं. आईकडून थोडी कमी उंची आणि वडिलांकडून उशीर, असं दोन्ही या पोराच्या वाट्याला आलं होतं. पुस्तकात ही दोन निदानं शेजारी-शेजारी दोन रकान्यांत छापलेली असतात, म्हणून आपण त्यातलं एक निवडायला जातो. पण नुसता उशीर असलेला उंच घराण्यातला मुलगा फारसा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. दोन्ही असलेला मुलगाच सगळ्यात बुटका दिसतो आणि तोच दवाखान्यात येतो. मी त्याच्यात फक्त आई बघितली होती.

एवढं झाल्यावर उलट बाजूला वाहून जाण्याचा धोका मला जाणवत होता. उशीर हे निदान बाकीचं वगळल्यावरच करायचं असतं. थायरॉइड कमी असेल, गव्हाच्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा करणारा सीलिॲक आजार असेल, मूत्रपिंडाचं दुखणं असेल, तरी हाडं मागेच असतात. म्हणून साध्या रक्ततपासण्या केल्या, त्या ठीक आल्या. मुलाला विचारलं, "तुला फोडणीचा, अत्तराचा वास नीट येतो ना?" तो पहिल्यांदा हसला. त्या प्रश्नाला कारण आहे: वयात आणणारी संप्रेरकं मेंदूकडून सुटतच नाहीत असा एक आजार आहे आणि त्यातल्या काहींना जन्मापासून वास येत नाही. ज्यांना वास येतो त्यांच्यातही हा आजार आणि साधा उशीर यांतला फरक चौदाव्या वर्षी खात्रीने सांगता येईल अशी एकही चाचणी नाही. तो काळच सांगतो. मुलाला चिडवणं असह्य झालं असेल, तर टेस्टोस्टेरॉनची लहान मात्रा काही महिने देऊन सुरुवात करून देता येते. हा पर्यायही मी मांडला. त्यांनी थांबायचं ठरवलं.

मी मुलाकडे वळून सांगितलं, "त्या दिवशी मी घाईनं बोललो. तू आईमुळे बुटका नाहीस. तुझी वाढ अजून व्हायची आहे. वर्गातली मुलं वाढायची थांबतील तेव्हा तू वाढत असशील. किती, ते मी तंतोतंत सांगू शकत नाही. 165 च्या जवळपास." लगेच काही होणार नाही हेही सांगितलं, कारण मुलगे वयात येऊ लागल्या-लागल्या उंच होत नाहीत, मोठी झेप त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने येते. सहा महिन्यांनी पाचचा मणी जुळला, तेव्हा उंची 142 होती आणि त्याला वाटलं, काही झालंच नाही. मला मात्र तेवढं पुरेसं होतं. सोळाव्या वर्षी एका वर्षात तो आठ सेंटिमीटर वाढला. अठरा पूर्ण व्हायच्या सुमारास 163 वर होता आणि अजून थांबला नव्हता.

या मुलाने मला बदललं हे खरं, पण मी नेमका कुठे बदललो हे एका मुलीने दाखवून दिलं. बारा वर्षं तीन महिन्यांची, उंची 141. वडील उत्साहाने म्हणाले, "मीही उशिरा वाढलो, डॉक्टर." माझ्या मनात हवालदारांचं भरतीचं माप आलं आणि मला त्यांना हो म्हणायचं होतं. पण मुलीची पाळी चार महिन्यांपूर्वी सुरू झाली होती. मुलींची वाढीची झेप वयात येण्याच्या सुरुवातीलाच येते. पाळी सुरू झाल्यावर साधारण पाच ते सात सेंटिमीटरच उरतात. हाडांचं वय तिच्या वयाच्या बरोबरीचं आलं. वडील 161, आई 147, सूत्राने 147.5. तिची 141 आणि उरलेले पाच-सात, उत्तर तिथेच येतं. इथे उशीर नव्हता. वडिलांच्या उशिराचा पुरावा काय विचारला, तर कॉलेजात वजन वाढलं होतं. ती निरोगी होती, घराण्याच्या उंचीची होती, आणि तिला थांबायला सांगणं म्हणजे माझ्या दहावी-बारावीतल्या माणसांनी माझ्याशी केलं तेच करणं होतं. मी तिला खरं सांगितलं. फक्त या वेळी आईकडे हात केला नाही.

सूत्राबद्दलही मी आता सावध आहे. आई-वडील स्वतः लहानपणी अर्धपोटी किंवा आजारी राहिले असतील, तर त्यांची उंची त्यांच्या जनुकांपेक्षा कमी राहिलेली असते आणि मुलाचा अंदाज खाली येतो. त्यांच्यापैकी एक जण फारच बुटका असेल, हातपाय धडाच्या मानाने आखूड असतील, तर "घराण्यातलंच आहे" म्हणून सोडायचं नाही. हाडांचा आनुवंशिक आजारही घराण्यातच चालतो. वाढीचा वेग वर्षाला चारच्या खाली टिकून राहिला, तर दोन्ही निदानं बाजूला ठेवून पुढे तपासायचं.

एक गोष्ट मला अजून टोचते. माझं स्वतःचं निदान बरोबर होतं. मला मिशी आठवीत फुटली, आवाज वेळेवर बदलला, वाढ वेळेवर थांबली. मी शंभर टक्के आनुवंशिक. त्यामुळे माझी खात्री अनुभवातून आलेली आहे असं मला वाटायचं आणि अनुभवाला कोण प्रश्न विचारतो? पण एका शरीराचा अनुभव म्हणजे तक्त्यावरची एक रेष. ती मी प्रत्येक पोरावर ठेवून बघत होतो. मला खोटी आशा मिळाली म्हणून मी कितीतरी मुलांची खरी आशा मोडली असेन. ती मुलं पुन्हा माझ्याकडे आली नाहीत. त्यांतली काही पुढे वाढली असतील, आणि त्यांच्या आयांनी तोवर मुलाच्या नजरेतला तो आरोप सोसला असेल.

आता माझी प्रश्नांची रांग उलटी झाली आहे. आधी मुलाची मागची मापं, मग वडिलांना, "दाढी कधी करायला लागलात? दहावीनंतर वाढलात का? त्याचा काही पुरावा आहे?" आणि आईला पाळीचं वय. वडिलांना आठवत नसेल तर आजीला फोन लावायला सांगतो. दोघांची उंची सगळ्यात शेवटी मोजतो. आणि पहिल्या भेटीत निकाल देत नाही. एक पल्ला सांगतो आणि सहा महिन्यांनंतरची तारीख देतो, त्याच स्टेडिओमीटरवर, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी, कारण संध्याकाळी माणूस सकाळपेक्षा सेंटिमीटरभर कमी भरतो. काही आई-वडील यावर नाराज होतात. त्यांना आजच उत्तर हवं असतं. मला त्यांचा राग येत नाही, इतकी वर्षं मीसुद्धा तेच तर करत होतो.